आधी तुटक रेषा, मग वक्र

`y = 3 − 2^(x−1)` या सूत्राचा आलेख काढायला सांगितला की बहुतेक मुलं आधी तक्ता मांडतात. x च्या पाच-सहा किमती घ्यायच्या, y काढायचा, ठिपके द्यायचे आणि जोडायचे. ठिपके बरोबर येतात, चूक होते ती आलेखाच्या टोकांशी. वक्र डावीकडे कुठे जातो हे ठिपके सांगत नाहीत, ते अनंतस्पर्शी रेषा सांगते. वक्र या रेषेच्या जवळ जवळ जात राहतो, पण (निदान आपल्या या वक्रांपुरतं) तिला कधी टेकत नाही. म्हणून ही रेषा सगळ्यात आधी, तुटक, काढून ठेवावी.

सुरुवात साध्या `y = 2^x` पासून करू. तो (0, 1), (1, 2), (2, 4) यांतून वर चढतो आणि डावीकडे X-अक्षाला चिकटत जातो. त्याची अनंतस्पर्शी रेषा `y = 0`. आता घातांकात x ऐवजी x − 1 आहे, म्हणून आलेख एक घर उजवीकडे सरकवायचा: (1, 1), (2, 2), (3, 4). आडवी रेषा आडवी सरकवली तरी जागची हलत नाही, त्यामुळे अनंतस्पर्शी रेषा अजून `y = 0` हीच. मग उणे चिन्ह. त्याने वक्र X-अक्षात उलटतो, ठिपके (1, −1), (2, −2), (3, −4) होतात. शेवटी तीन मिळवायचे, म्हणजे सगळं तीन घरं वर: (1, 2), (2, 1), (3, −1). इथे मात्र अनंतस्पर्शी रेषाही वर जाते आणि `y = 3` होते. वक्र तिच्या खालून, डावीकडून येतो आणि उजवीकडे कोसळतो.

क्रम चुकला तर काय होतं? आधी तीन वर नेऊन मग उलटवलं तर अनंतस्पर्शी रेषा `y = −3` वर पोचते आणि सगळा आलेख सहा घरं खाली येतो. ही चूक पकडायला सोपी आहे. x ला मोठी ऋण किंमत द्या, समजा −9. `2^(−10)` म्हणजे एक हजार चोविसांश, जवळजवळ काहीच नाही. उरतात तीन. रेषा −3 वर काढली असेल तर चूक तिथल्या तिथे दिसते. ताणण्याचंही तसंच आहे. `2^x + 3` ला दोनने गुणलं तर अनंतस्पर्शी रेषाही 3 वरून 6 वर जाते. पुष्कळजण वक्र ताणतात आणि रेषा विसरतात.

आता x आणि y यांची अदलाबदल करा. तोच वक्र `y = x` या तिरक्या रेषेत उलटतो आणि `y = 1 + log₂(3 − x)` मिळतं. (1, 2) चा (2, 1) होतो, (3, −1) चा (−1, 3). आडवी रेषा `y = 3` उभी राहून `x = 3` होते. इथे 3 − x पाहून हात गडबडतो: डावीकडे न्यायचं की उजवीकडे? त्यापेक्षा कंसातली राशी शून्य कधी होते ते पाहावं. x = 3 ला होते, उभी रेषा तिथेच. आणि कंस धन हवा, म्हणून सगळा वक्र तिच्या डावीकडे. शेवटी मिळवलेल्या 1 मुळे वक्र वर जातो, उभी रेषा हलत नाही.

संगणकावर हा आलेख काढला तर एक गंमत दिसते. वक्र x = 3 जवळ खाली उतरता उतरता मध्येच संपल्यासारखा वाटतो. x = 2.999 घेतला तरी y सुमारे −9 च येतो. रेषेच्या इतक्या जवळ जाऊनही तो नऊच घरं उतरलेला असतो, आणि त्यापुढचं पडद्यावर उमटत नाही. वहीत त्याचं टोक ठिपका देऊन बंद करू नये, रेषेला लगटून खाली जाऊ द्यावं.

उलट चूक वरच्या टोकाशी होते. डावीकडे वक्र इतका सपाट दिसतो की मुलं तिथेही एक आडवी तुटक रेषा ओढून मोकळी होतात. तशी रेषा नाहीच. तुम्ही म्हणाल त्या उंचीपलीकडे हा वक्र जातो, फक्त सावकाश. 11 ची उंची गाठायला x ला −1021 पर्यंत जावं लागतं. एका घराला एक सेंटीमीटर धरला, तर दहा मीटरपेक्षा लांब आलेख कागद लागेल.