एकशे सोळा रुपये ब्याऐंशी पैसे

मोबाइलच्या मासिक बिलात न समजणारी रक्कम दिसली, की माणूस प्रथम रागावतो, आणि त्या भरात हातातल्या मोबाइलवरूनच कंपनीला ईमेल धाडून मोकळा होतो. राग रास्त असेलही. परंतु रागाला उत्तर द्यावे असे कोणत्याही कंपनीवर बंधन नसते. कामगारांच्या पगारपत्रकांतील कपाती तपासण्यात आमची पुष्कळ वर्षे गेली. 'अन्याय झाला' एवढेच म्हणणारा अर्ज फायलीत पडून राहतो, आणि 'अमुक तारखेची अमुक कपात कोणत्या आधारावर केली' असे विचारणाऱ्या अर्जाला साहेबाला उत्तर शोधावे लागते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. बिलाच्या तक्रारीलाही हाच न्याय लागू पडतो.

आमच्या परिचयाच्या एका एसटी वाहकाचे उदाहरण घेऊ. त्यांची योजना दरमहा ३९९ रुपयांची. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल येई ४७० रुपये ८२ पैसे. एका महिन्यात ते ५८७ रुपये ६४ पैसे आले. त्यांनी बसस्थानकावर उभ्या उभ्या ईमेल लिहिला: 'तुम्ही गरिबांना लुटता, बिल ताबडतोब कमी करा.' दुसऱ्या दिवशी छापील साच्याचे उत्तर आले, की आपले बिल तपासले असून ते बरोबर आहे. आता यात कंपनीने खोटे सांगितले असे म्हणता येईना, कारण बेरीज खरोखरच बरोबर होती! काय तपासायचे, हे आमच्या वाहकांनी कोठे सांगितले होते?

तेव्हा पहिले काम लिहिण्याचे नसून मांडणीचे आहे. मागच्या महिन्याचे बिल व या महिन्याचे बिल शेजारी ठेवावे आणि वजाबाकी करावी. येथे फरक ११६ रुपये ८२ पैशांचा होता. हा आकडा बिलात शोधू गेले तर कोठेच सापडत नाही, आणि येथेच पुष्कळ लोक हात टेकतात. कारण असे, की बिलातील ओळी कर सोडून मांडलेल्या असतात व कर शेवटी एकत्र लावलेला असतो. म्हणून फरकाला १.१८ ने भागावे. उत्तर आले ९९. मग तपशिलाच्या पानावर ९९ ची ओळ चटकन सापडली: 'मूल्यवर्धित सेवा'. म्हणजे गाणी, खेळ, ज्योतिष असली काहीतरी वर्गणी.

प्रत्येक वाढीव रक्कम चुकीचीच असते असे मात्र नाही. नव्या जोडणीच्या पहिल्या बिलात तुटक महिन्याचे भाडे मिळवलेले असू शकते. मागचे बिल उशिरा भरले असेल तर विलंबशुल्क लागते. परदेशी केलेला किंवा परदेशात घेतलेला कॉल योजनेत बसत नाही. ही कारणे आधी पाहून घ्यावीत. तक्रार त्यानंतर जे उरेल त्याचीच करावी.

वर्गणीच्या बाबतीत ग्राहकाच्या हातात एक चांगले हत्यार आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला आपण 'ट्राय' म्हणतो, त्याने जुलै २०१३ मध्ये असा आदेश काढला, की अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुसऱ्यांदा, स्वतंत्र संमती घेतली पाहिजे. जाहिरातीवर एकदा बोट लागले म्हणजे संमती झाली, असे यापुढे धरता येत नाही. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांना समान असा विनाशुल्क क्रमांकही त्याच व्यवस्थेतला आहे. म्हणून वर्गणी प्रथम बंद करावी, नाहीतर पुढच्या महिन्यात ९९ पुन्हा लागतील, आणि मग लिहावयास बसावे.

वाहकांनी आमच्यासमोर बसून दुसरा ईमेल लिहिला तो असा. विषयाच्या ओळीत मोबाइल क्रमांक, बिल क्रमांक आणि 'बिलातील ९९ रुपयांच्या आकारणीबद्दल तक्रार' एवढेच. आत मजकूर:

'माझ्या या महिन्याच्या बिलात मूल्यवर्धित सेवेपोटी ९९ रुपये व त्यावरील कर १७ रुपये ८२ पैसे, एकूण ११६ रुपये ८२ पैसे लावले आहेत. ही सेवा मी मागितलेली नाही. कृपया कळवावे: सेवेचे नाव काय, ती कोणत्या तारखेस व वेळेस सुरू झाली, आणि माझी दुसरी संमती कशी मिळाली, त्याची नोंद. नोंद नसल्यास रक्कम परत जमा करावी. वादाबाहेरचे ४७० रुपये ८२ पैसे मी मुदतीत भरत आहे; वादग्रस्त रकमेवर विलंबशुल्क लावू नये. या तक्रारीचा क्रमांक कळवावा.'

यात एकही कडक शब्द नाही, पण 'बिल बरोबर आहे' या साच्याने त्याचे उत्तर देता येत नाही. नोंद दाखवा किंवा पैसे द्या, एवढेच दोन मार्ग उरतात. वादाबाहेरची रक्कम भरण्याचे वाक्यही मुद्दाम घातले आहे. संपूर्ण बिल अडवून धरले तर थकबाकीदार आपणच ठरतो. बँकेतून बिल आपोआप कापले जात असेल, तर मात्र कापणीच्या तारखेपूर्वीच हालचाल केली पाहिजे.

मोबाइलवरून लिहिताना काही खड्डे असतात. बिल ज्या पत्त्यावरून येते त्यालाच पुष्कळजण उत्तर पाठवतात. तो पत्ता बहुधा केवळ पाठवण्यासाठी असतो, तेथले पत्र कोणी उघडत नाही. तक्रारीचा पत्ता बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावा. भलत्या ठिकाणी शोधला तर भामट्यांची गाठ पडते. ईमेल कोणत्या खात्यातून जात आहे तेही पाहावे. घरातल्या फोनवर मुलाचे खाते उघडे असते, आणि कंपनी नोंदलेल्या पत्त्याखेरीज दाद देत नाही. पाठवणाऱ्याचे बोट घसरून अर्धे पत्र जाऊ नये म्हणून समोरचा पत्ता सर्वांत शेवटी भरावा. बिलाचे चित्र जोडताना बिल क्रमांक व ती ओळ दोन्ही दिसली पाहिजेत. आधार, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी कधीही लिहू नये. ते मागणारे उत्तर आले तर ते कंपनीचे नाही असेच समजावे.

आमच्या वाहकांना संमतीची नोंद काही दाखवण्यात आली नाही. पुढच्या बिलात ११६ रुपये ८२ पैसे वजा होऊन आले. प्रत्येकाचे इतक्यात भागेल असे नाही. तक्रार क्रमांक मिळाला नाही तर १९८ वर फोन करून तो घ्यावा. २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रारकेंद्राच्या वर एक अपील अधिकारी ठेवावा लागतो. उत्तर असमाधानकारक असेल तर ३० दिवसांच्या आत त्याच्याकडे जाता येते, त्याला फी नाही. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. तेथे दूरसंचाराचे तंटे चालतात की नाही याबद्दल बराच काळ वाद होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चालतात असा निर्णय दिला.

या सर्व पायऱ्यांवर प्रथम विचारला जातो तो तक्रारीचा क्रमांक आणि पहिल्या पत्राची तारीख. म्हणून उत्तरे-प्रत्युत्तरे त्याच एका ईमेलच्या साखळीत चालू ठेवावीत, आणि पैसे परत जमा झालेले बिल हाती येईपर्यंत त्यातले एकही पत्र पुसू नये.