परदेशी कंपनीकडे वॉरंटी मागताना ईमेलमध्ये काय लिहाल?

समजा, पोलादपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने परदेशी कंपनीकडून थेट वेल्डिंग मशीन मागवले आणि चार महिन्यांत ते मध्येच बंद पडू लागले. ‘मशीन खराब आहे, बदलून द्या’ एवढ्यावर कंपनी उलट प्रश्नच विचारणार.

त्याऐवजी लिहावे : ‘१२० अँपिअरवर तीन मिनिटे काम केल्यावर पिवळा दिवा लागतो आणि आर्क तुटतो. मागचा पंखा फिरतच नाही. त्या वेळी व्होल्टेज २२६ होते.’ शेवटचा आकडा मोलाचा, कारण कंपनीचा पहिला संशय आपल्या विजेवरच असतो. दुसरा पाण्यावर. जुलै २०२१च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली होती. असे नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. म्हणून खरेदीची तारीख दाखवणारे बिल जोडावेच. तारखेत महिना अक्षरांत लिहावा. ५/८ म्हणजे अमेरिकेत ८ मे.

व्हिडिओ एकसलग हवा : आधी सीरियल नंबरची पट्टी, मग थांबलेला पंखा, दिवा, मीटर. तुकडे जोडले तर ते याच मशीनचे कशावरून, हा प्रश्न उरतो. जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल ड्राइव्हच्या लिंकने जाते. ती पाहण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर पुरावा तिकडे उघडणारच नाही.

तोवर स्क्रू खोलू नयेत. सील तुटले की दावा फेटाळायला आयते कारण मिळते. नवा पंखा हवा की बदली मशीन आणि पाठवणीचा खर्च कोण करणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे.