फोकस ग्रुपमध्ये एकच जण बोलत राहिला तर? मोहाच्या सरबताच्या उदाहरणातून समजून घ्या

नवं पेय बाजारात आणण्याआधी आठ-दहा जणांना बसवून त्यांचं मत घेतात. यालाच फोकस ग्रुप म्हणतात. पण आठ जणांतला एकच बोलला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, तर हाती एकाचंच मत लागतं. हे कसं टाळायचं?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या वरठीत एका महिला बचत गटाला मोहफुलांचं सरबत बाटलीत भरून भंडारा रोड स्टेशनच्या परिसरात विकायचं आहे.

माणसं कशी निवडायची?

ओळखीच्यांना बोलावलं की कौतुकच ऐकू येतं. त्यामुळे आधी फोनवर चार-पाच प्रश्न विचारून निवड करतात. गेल्या महिन्यात बाटलीतलं सरबत किंवा कोल्ड्रिंक विकत घेतलं का? घरात कुणी शीतपेयांच्या धंद्यात आहे का? अशा चर्चेला अलीकडे बसला होतात का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि उरलेल्या दोन्हींचं 'नाही' असेल, तरच बोलवायचं. मधुमेह किंवा ॲलर्जी आहे का, हेही तेव्हाच विचारायचं. आठ जण हवे असतील तर दहा जणांना सांगावं, कारण एक-दोघं हमखास येत नाहीत.

एका गटात कोण कोणासोबत बसतं, हे फार महत्त्वाचं. वरठीत पोलाद कारखाना आहे. सुपरवायझर आणि त्याच्याच हाताखालचा कंत्राटी कामगार एकत्र बसले, तर कामगार तोंड उघडणार नाही. सासू-सूनही एका गटात नकोत. म्हणून महिलांचा, नोकरदार पुरुषांचा आणि कॉलेजच्या मुलांचा असे वेगळे गट करतात.

दीड तासात काय घडतं?

चर्चा चालवणारी व्यक्ती, म्हणजे मॉडरेटर, बचत गटातली नसावी. सरबत बनवणारी समोर असली की लोक भीड बाळगतात. सुरुवातीला रेकॉर्डिंगची परवानगी घ्यायची आणि उन्हाळ्यात घरी काय पिता, अशा सोप्या विषयाने सगळ्यांना बोलतं करायचं.

मग दोन नमुने द्यायचे, एक जास्त गोड आणि एक कमी. पेल्यांवर नाव नको, ४१७ आणि ६८२ असे आकडे असावेत. दोन्ही सारखेच थंड हवेत. अर्ध्या लोकांना आधी ४१७ द्यायचा, अर्ध्यांना ६८२, कारण पहिल्या घोटाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. चव घेतल्यावर आधी कागदावर मत लिहायचं, मगच बोलायचं. हा कागद पुढे कामी येतो.

'हे तर दारूचं फूल!'

आता पेय मोहाचं आहे, असं सांगितल्यावर एक काका म्हणतात, "हे तर दारूचं फूल. घरात कोण ठेवील?" सगळे गप्प होतात. नंतर बोलणारे त्यांचेच शब्द वापरू लागतात. गट एकाच्या ताब्यात गेल्याची हीच खूण.

अशा वेळी काकांशी वाद घालायचा नाही आणि त्यांना गप्पही करायचं नाही. "काका, तुमचा मुद्दा लिहून घेतला," असं म्हणून तो फळ्यावर लिहायचा. मग नजर दुसरीकडे वळवून सर्वांत शांत माणसाला नेमका प्रश्न करायचा: "दादा, घरी पाहुणे आले तर तुम्ही हे द्याल का?" तरीही काका मध्ये बोलले, तर या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडून चिठ्ठीवर घ्यायचं. चहाच्या सुट्टीनंतर काकांना मॉडरेटरच्या शेजारी बसवलं की नजरानजर कमी होते आणि त्यांचं बोलणंही.

आता कागद आणि चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहायच्या. कागदावर चव आवडली आहे, पण चिठ्ठीवर पाहुण्यांना देणार नाही असं आहे? मग अडचण चवीत नाही, मोहाच्या नावाला चिकटलेल्या संकोचात आहे. अशा वेळी साखर बदलून उपयोग नाही, लेबलचा विचार करावा लागेल.

मोठ्या आवाजात तथ्यही असू शकतं

कोका-कोलाने १९८५मध्ये चव बदलण्याआधी सुमारे २ लाख लोकांना नवी चव देऊन पाहिली. बहुतेकांना ती आवडली. फोकस ग्रुपमध्ये मात्र जुनी चव जाणार म्हणून चिडलेले थोडे लोक इतरांनाही आपल्या बाजूला ओढत होते. कंपनीने चाचणीच्या आकड्यांवर भरवसा ठेवला. २३ एप्रिलला नवा कोक जाहीर झाला, लोक खवळले आणि ११ जुलैला जुनी चव परत आणण्याची घोषणा करावी लागली. गटात जे घडलं, तेच पुढे देशभर घडलं होतं.

म्हणून काकांचा मुद्दा खोडून टाकू नका. पुढच्या दोन गटांत ते नसतील. तिथेही 'दारूचं फूल' हा विषय आपोआप निघाला, तर तो संकोच गावाचा आहे. निघाला नाही, तर बहुधा एकट्या काकांचा.

मात्र तीन गटांतल्या चोवीस जणांवरून 'इतके टक्के लोक घेतील' असं म्हणता येत नाही. लोक का घेतील किंवा का नाकारतील, एवढंच कळतं. किती जण घेतील, हे पाहायला थोड्या बाटल्या प्रत्यक्ष विकूनच बघाव्या लागतात.