इंटर्नशिपचं प्रमाणपत्र हजेरीवरून लिहावं

इंटर्नशिपची दोन कागदपत्रं असतात. ऑफर लेटर पुढे काय होणार ते सांगतं आणि प्रमाणपत्र काय झालं ते. बहुतेक घोळ होतो तो प्रमाणपत्र ऑफर लेटर समोर ठेवून उतरवल्यामुळे. मधल्या काळात तारखा सरकलेल्या असतात, कामही बदललेलं असतं.

राज्यातल्या अनेक पदवी अभ्यासक्रमांत आता ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं आणि एका क्रेडिटला ३० तास या हिशेबाने त्याचे १२० तास भरावे लागतात. समजा, बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जाते. ऑफर लेटरमध्ये ‘कालावधी : दोन महिने’ एवढंच लिहिलं, तर त्यातून कॉलेजला तास कळत नाहीत. त्याऐवजी ‘९ जून ते १८ जुलै २०२५, सोमवार ते शुक्रवार, रोज ४ तास, एकूण ३० दिवस, १२० तास’ असं हवं. आता ती दोन दिवस आजारी पडली आणि ते दिवस तिने २१ व २२ जुलैला भरून काढले. मग प्रमाणपत्रावर शेवटची तारीख २२ जुलैच यायला हवी. प्रमाणपत्र दिल्याची तारीखही त्याआधीची नको. काम चालू असतानाच ‘यशस्वीरीत्या पूर्ण केले’ असा शेरा दिसला, की तपासणाऱ्याला लगेच शंका येते.

स्टायपेंडबाबत ‘कामगिरीनुसार’ हा शब्द भांडणाला आमंत्रण देतो. ‘दरमहा ५,००० रुपये’ लिहिलं तरी सहा आठवड्यांचे किती, हा प्रश्न उरतोच. ‘महिन्याचे कामाचे दिवस २० धरून, प्रत्यक्ष हजेरीनुसार’ एवढी भर घातली की दिवसाचे २५० आणि ३० दिवसांचे ७,५०० रुपये होतात. पैसे द्यायचे नसतील तर तसं स्पष्ट लिहावं. रकाना रिकामा सोडू नये. प्रमाणपत्रात रक्कम लिहायचीच असेल, तर प्रत्यक्ष दिलेली लिहावी.

कामाचं वर्णन क्रियापदांनी करावं. ‘अकाउंट्स व जीएसटीचे काम पाहिले’ यातून काहीच कळत नाही. ‘खरेदीची बिलं टॅलीमध्ये नोंदवली आणि पोर्टलवरच्या GSTR-2B शी जुळवली, विवरणपत्र भरताना निरीक्षण केलं’ यातून तिने काय केलं आणि काय फक्त पाहिलं, हे वेगळं दिसतं. ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ असं पद देणं दिलदारपणाचं वाटतं, पण पुढे नोकरीच्या वेळी पार्श्वभूमी तपासली गेली, तर ऑफिसच्या नोंदीत ती इंटर्नच निघते आणि खुलासा तिलाच करावा लागतो.

म्हणून सही करण्याआधी मसुदा विद्यार्थ्याला वाचायला द्यावा आणि हजेरीपत्रक शेजारी ठेवावं. काम ऑफर लेटरपेक्षा वेगळं झालं असेल, तर जुनं पत्र मागच्या तारखेने बदलू नये. प्रमाणपत्रात झालेलं कामच लिहावं.