दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस आणि शेतातला चर

शेतातले पाणी बाहेर काढणारा चर किती रुंद आणि किती खोल असावा, हे त्यातून किती पाणी वाहणार यावर ठरते. किती पाणी वाहणार, हे पाऊस किती मोठा धरला यावर ठरते. आजवरचा सर्वांत मोठा पाऊस धरला तर चर वावराचा मोठा तुकडा खाऊन टाकतो, आणि सरासरी पाऊस धरला तर तो दर एक-दोन वर्षांनी तुंबतो. म्हणून ‘पाच वर्षांतून एकदा’ किंवा ‘दहा वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस हिशेबासाठी घेण्याची पद्धत आहे. या काळाला पुनरावृत्ती काळ म्हणतात. तो वेळापत्रकासारखा नसतो. दहा वर्षांचा पाऊस म्हणजे कोणत्याही एका वर्षी ज्याला गाठण्याची किंवा ओलांडण्याची शक्यता १० टक्के आहे, असा पाऊस. तो लागोपाठ दोन वर्षे पडू शकतो आणि पुढची वीस वर्षे फिरकणारही नाही.

हा आकडा काढण्यासाठी रोजच्या पावसाच्या सगळ्या नोंदी लागत नाहीत. प्रत्येक वर्षातला एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस तेवढा वेगळा काढायचा. वीस वर्षांच्या नोंदी असतील तर वीस आकडे मिळतात. एवढी माहिती बाजूला सारणे उधळपट्टी वाटते, पण त्यामागे कारण आहे. जुलैतल्या एका मोठ्या पावसाचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पावसाचा परस्परसंबंध असतो. वर्षागणिक निवडलेले कमाल आकडे मात्र बहुधा एकमेकांपासून स्वतंत्र असतात. शिवाय अनेक आकड्यांतून निवडलेल्या कमाल आकड्यांचे वितरण विशिष्ट आकार घेते, हे फिशर आणि टिपेट यांनी १९२८ साली दाखवले. पुढे एमिल गुंबेल या जर्मन गणितज्ञाने त्यांतला एक आकार पूर आणि पावसाच्या हिशेबात रुळवला. त्याचे वैशिष्ट्य असे, की बहुतेक वर्षांचे आकडे एका पट्ट्यात दाटीने बसतात आणि मोठ्या पावसाच्या बाजूला एक लांब शेपूट राहते. नेहमीच्या घंटाकृती वक्राला अशी शेपूट नसते. तो वक्र वापरला तर दुर्मीळ मोठा पाऊस खऱ्यापेक्षा लहान निघतो.

गणितापेक्षा जास्त काळजी नोंदींची घ्यावी लागते, कारण चुका बहुधा तिथेच असतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पर्जन्यमापक वाचणारा माणूस सुट्टीवर असेल तर दोन दिवसांचे पाणी एकाच तारखेला लिहिले जाते आणि वर्षाचा कमाल आकडा फुगतो. हे ओळखता येते: मोठ्या आकड्याच्या आदल्या दिवशी शून्य किंवा रिकामी जागा दिसते, पण आसपासच्या केंद्रांवर त्या दिवशी पाऊस नोंदलेला असतो. उलटही घडते. ज्या वर्षी जुलै-ऑगस्टमधल्या दहा-पंधरा दिवसांच्या नोंदीच नाहीत, त्या वर्षाचा कमाल आकडा खरा कमाल नसण्याचीच शक्यता जास्त. असे वर्ष वगळावे. रिकाम्या दिवसांना शून्य धरणे सर्वांत वाईट.

केंद्राचे अंतरही पाहावे लागते. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७४. महाराष्ट्रात आता महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित केंद्रे आहेत, त्यामुळे जवळची नोंद मिळते. पण त्यांची वर्षे अजून थोडी भरली आहेत. तालुक्याच्या जुन्या केंद्राची लांब नोंद आणि मंडळाची जवळची नोंद यांत निवड करायची झाली तर हिशेब लांब नोंदीवर करावा आणि जवळची नोंद ताळा पाहायला वापरावी.

आता हिशेब. विदर्भातल्या काळ्या जमिनीच्या एखाद्या गावाला शोभतील असे, केवळ पद्धत समजावी म्हणून रचलेले वीस वर्षांचे कमाल आकडे मिलिमीटरमध्ये आणि चढत्या क्रमाने असे धरू: ६२, ७१, ७८, ८४, ८५, ९०, ९२, ९६, ९८, १०३, १०५, ११०, ११३, ११८, १२४, १३१, १३८, १५०, १७२, १८०. यांची सरासरी ११० येते. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणारे प्रमाण विचलन ३१.७ येते. गुंबेलच्या पद्धतीत सरासरीत विचलनाचा ठरावीक पट मिळवायचा. हा पट पुनरावृत्ती काळावर अवलंबून असतो: ५ वर्षांसाठी ०.७१९, १० वर्षांसाठी १.३०५, २५ वर्षांसाठी २.०४४. म्हणजे पाच वर्षांचा पाऊस १३३, दहा वर्षांचा १५१ आणि पंचवीस वर्षांचा १७५ मिलिमीटर. संगणकावरच्या तक्त्यात हे आकडे A1 ते A20 मध्ये असतील तर दहा वर्षांसाठी एक ओळ पुरते:

```
=AVERAGE(A1:A20)+1.305*STDEV(A1:A20)
```

हा पट नोंदींची संख्या अमर्याद आहे असे धरून काढलेला आहे. भारतातल्या अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत थोड्या नोंदींसाठी वेगळा तक्ता असतो; त्यात वीस वर्षांच्या नोंदींवर दहा वर्षांसाठीचा पट १.६२ येतो आणि पाऊस १६१ मिलिमीटर निघतो. नोंदी त्याच असूनही १० मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून कोणी ‘दहा वर्षांचा पाऊस’ सांगितला, की तो कोणत्या पटाने काढला हे विचारणे भाग आहे.

आकार नीट बसला का, हे पाहायची साधी रीत आहे. सर्वांत मोठ्या पावसाला पहिला क्रमांक द्यायचा, त्याच्या खालच्याला दुसरा, आणि वर्षांच्या संख्येत एक मिळवून तिला त्या क्रमांकाने भागायचे. १८० मिलिमीटरच्या पावसाचा काळ २१ वर्षे येतो, १७२ चा साडेदहा, १५० चा ७. याच काळांसाठी गुंबेलचा हिशेब १७०, १५३ आणि १४२ सांगतो. वरचे तिन्ही आकडे रेषेच्या वर आहेत. एखादा आकडा वर-खाली असणे योगायोग असू शकतो. पण वरच्या टोकाचे सगळेच एका बाजूला गेले, तर शेपूट धरली त्याहून जाड असावी असा संशय घ्यावा. शेपटीची जाडी नोंदींवरूनच ठरवणारे सर्वसाधारण वितरण वापरता येते, पण वीस आकड्यांवरून ती जाडी इतकी डळमळीत निघते की उत्तर सुधारण्याऐवजी बिघडूही शकते. पन्नासेक वर्षांच्या नोंदी असतील तर तो प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

वीस वर्षांवरून काढलेल्या आकड्याची खात्री किती? १५१ मिलिमीटरची प्रमाण त्रुटी सुमारे १५ येते. म्हणजे खरा दहा वर्षांचा पाऊस १२० ते १८० यांमध्ये कुठेही असू शकतो. शंभर वर्षांचा पाऊस याच नोंदींवरून २०९ निघतो, पण त्याची पट्टी साधारण १५५ ते २६५ इतकी रुंद आहे. नोंदींच्या पाचपट लांब काळावर भाकीत करण्याची ही किंमत. एका मोठ्या पावसाने काय होते तेही पाहावे. एकविसाव्या वर्षी ३०० मिलिमीटर पडला तर दहा वर्षांचा आकडा १५१ वरून एकदम १८७ वर जातो. असा आकडा चुकीचा ठरवून काढून टाकायचा मोह होतो. तो खोटा असल्याचा पुरावा, म्हणजे दोन दिवसांची एकत्र नोंद किंवा शेजारच्या केंद्रांशी विसंगती, नसेल तर तो ठेवावाच लागतो.

चराकडे जाताना आधी एक दुरुस्ती करावी लागते. पाऊस साडेआठचा काटा पाहून पडत नाही. साडेआठच्या आधी सुरू होऊन नंतरही चालू राहिलेला मोठा पाऊस दोन तारखांत विभागला जातो. त्यामुळे एका तारखेच्या कमाल आकड्याला १.१३ ने गुणायची पद्धत आहे. १५१ चे १७१ मिलिमीटर होतात. ओल्या काळ्या जमिनीतून त्यातले किती पाणी वाहून जाईल, याचा अंदाज वक्रांक पद्धतीने बांधता येतो. ८५ हा वक्रांक धरला तर १२७ मिलिमीटर पाणी वाहते. सपाट दोन हेक्टर शेतातले हे पाणी २४ तासांत काढायचे असेल तर सेकंदाला सुमारे २९ लिटर प्रवाह लागतो. एवढा अवधी का? सोयाबीन आणि तूर, दोन्ही पिकांच्या मुळांना हवा लागते. पाणी दोन-तीन दिवस तुंबले तर नुकसान सुरू होते, शिवाय वाफसा यायला पुढे दिवस जातात. तळाशी ३० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि दीडास एक उताराच्या काठांचा, हजारात दोन उतार असलेला मातीचा चर सेकंदाला ८५ लिटरच्या आसपास पाणी नेतो. सपाट शेताला तो भरपूर झाला.

उताराच्या शेतात मात्र हा हिशेब फसतो, कारण तिथे पाणी दिवसभर साचून हळूहळू निघत नाही. तासाभरात सगळे चराच्या तोंडाशी येते. तिथे तासाचा पाऊस लागतो. तासवार नोंदी नसतील तर हवामान खात्याच्या घनमुळाच्या सूत्राने २४ तासांच्या पावसावरून तो काढतात. १७१ चे एका तासाला ५९ मिलिमीटर येतात. अर्धे पाणी वाहते असे धरले तरी दोन हेक्टरमधून सेकंदाला सुमारे १६० लिटर पाणी निघते, म्हणजे तोच चर तुंबून बांधावरून वाहणार. पुनरावृत्ती काळ, नोंदी आणि शेताचे क्षेत्र तेच. केवळ पाऊस किती अवधीचा धरला यामुळे चराला पेलावा लागणारा प्रवाह पाचपटीहून वाढला. पुनरावृत्ती काळ ५ की १० घ्यायचा यावर जितकी चर्चा होते, तितकी या निवडीवर होत नाही.

तरी काळ निवडावाच लागतो, आणि तो जोखमीवरून निवडला जातो. दहा वर्षांच्या पावसासाठी खोदलेला चर पुढच्या दहा वर्षांत निदान एकदा ओसंडण्याची शक्यता ६५ टक्के आहे, आणि पंचवीस वर्षांच्या पावसासाठी खोदलेल्या चराची ३४ टक्के. शेतातल्या चरासाठी पाच ते दहा वर्षे बहुधा पुरतात, कारण एकदा तुंबला तर एका हंगामाच्या पिकाचे काही नुकसान होते आणि चर पुन्हा साफ करता येतो. चराचे पाणी गावाच्या रस्त्याकडे किंवा शेततळ्याच्या सांडव्याकडे जात असेल, तर त्या टोकाला पंचवीस वर्षांचा आकडा घ्यावा. तो आकडा काढताना त्रुटीची पट्टी शेजारी लिहून ठेवावी आणि पाच-सात वर्षांच्या नव्या नोंदी आल्या की हिशेब पुन्हा मांडावा. नोंदींचा जुना अर्धा भाग आणि नवा अर्धा भाग यांच्या सरासरीत ठळक फरक दिसत असेल, तर हवामान स्थिर आहे हे या सगळ्या हिशेबाखालचे गृहीतकच तिथे टिकत नाही. अशा वेळी अलीकडच्या वर्षांना जास्त वजन द्यावे आणि मिळणारी पट्टी आणखी रुंद आहे असे समजून चर एक पायरी मोठा धरावा.