प्रोफाइलवर दर लिहावा का?

‘इंग्रजी-मराठी अनुवादाचा तुमचा रेट काय?’ स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनुवादकाला येणारे बरेचसे निरोप एवढ्या एकाच ओळीचे असतात. फाइल नाही, विषय नाही, मुदत नाही. अशा वेळी वाटतं, दर सरळ प्रोफाइलवरच लिहून टाकावा, म्हणजे रोजची विचारपूस तरी थांबेल. दुसरं मन म्हणतं, आकडा दिसला की चांगला क्लायंट बोलायच्या आधीच निघून जाईल. दोन्ही शंका खऱ्या आहेत. माझ्या मते लिहावं की लिहू नये यापेक्षा नेमका कोणता आकडा लिहावा, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. अनुवादाच्या कामात तो फार स्पष्ट दिसतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेते.

या धंद्यात हिशेब शब्दावर चालतो. समजा, एका अनुवादिकेला घरखर्च, इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि विमा धरून महिन्याला 56,000 रुपये लागतात. महिन्यातले वीस दिवस ती काम करते, पण त्यातले सहा दिवस ईमेल, बिलं, वसुली आणि नवीन काम शोधण्यात जातात. पैसे देणारे दिवस उरले चौदा. म्हणजे एका दिवसाची किंमत 4,000 रुपये. साधा मजकूर असेल तर दिवसाला साधारण 2,000 शब्दांचा पहिला खर्डा होतो. त्यावरून तिने प्रोफाइलवर लिहिलं, ‘शब्दाला 2 रुपये’. हिशेब बरोबर दिसतो आणि तिथेच ती अडकते.

तिच्याकडे यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम येतं. कामगारांसाठीची सुरक्षा पुस्तिका, 12,000 शब्द. खरेदी विभागातला माणूस प्रोफाइल पाहतो, 12,000 ला 2 ने गुणतो आणि वरिष्ठांकडून 24,000 रुपये मंजूर करून घेतो. फाइल येते तेव्हा कळतं की ती स्कॅन केलेली पीडीएफ आहे. त्यातले तक्ते पुन्हा टाइप करावे लागणार, त्याचा एक दिवस. खर्ड्याचे सहा दिवस. मुळाशी ताडून पुन्हा वाचायला दीड दिवस, कारण सुरक्षेच्या सूचनेत ‘आधी वीज बंद करा’ आणि ‘नंतर वीज बंद करा’ यांतली चूक कुणाच्या तरी हातावर बेतू शकते. शिवाय पुस्तिकेची मांडणी इनडिझाइनमध्ये होणार. तिथे सेटिंग चुकलं की देवनागरीतली जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात आणि मराठी न येणाऱ्या डिझायनरला ते दिसतही नाही. म्हणून छपाईआधीची पीडीएफ अनुवादिकेनेच पाहायला हवी. त्याचा अर्धा दिवस. सगळे मिळून नऊ दिवस, म्हणजे 36,000 रुपये.

आता तिने 36,000 सांगितले तर समोरच्याला वाटतं, बाईंनी फाइल पाहून भाव वाढवला. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. गुणाकार करायला आकडा तिनेच दिला होता. शब्दाचा सुटा दर वाचणाऱ्याला त्या दरात काय येतं आणि काय येत नाही, हे सांगत नाही.

उलट टोकही पाहू. मसाल्याच्या पाकिटावरचा 120 शब्दांचा मजकूर. 2 रुपयांनी 240 होतात. पण घटक पदार्थांची नावं तपासणं, दोन फोन, बिल आणि पैशांची आठवण यांत तीन तास सहज जातात. सुट्या दराने छोट्या कामात असा तोटा होतो आणि मोठ्या कामात वाद.

मग काहीच लिहू नये का? त्याचीही किंमत असते. आपल्याकडे पैशाचं बोलणं शेवटावर ढकलायची सवय जुनी. ‘आधी मजकूर तर बघा, मानधनाचं बघू नंतर’ असं प्रेमाने सांगितलं जातं. अनुवादक नमुन्याचं पान करून देतो, दोनदा फोनवर बोलतो आणि आकडा निघाला की समोरचा गप्प होतो. त्याचं बजेट पहिल्यापासूनच निम्मं होतं. ही दोन-तीन तासांची फुकट मेहनत वाचवण्यापुरता आकडा प्रोफाइलवर असायलाच हवा.

माझ्या मते तिथे दोनच गोष्टी लिहाव्यात. पहिली, कोणत्याही कामाचा किमान आकार, वरच्या अनुवादिकेसाठी समजा 1,500 रुपये. दुसरी, एका पूर्ण कामाचा नमुना. उदाहरणार्थ: ‘वर्ड फाइलमधला 2,000 शब्दांचा सामान्य मजकूर, पुनर्वाचन आणि दुरुस्तीची एक फेरी धरून, 5,000 रुपये. स्कॅन, तक्ते, कायदेशीर किंवा वैद्यकीय मजकूर आणि मांडणीनंतरची तपासणी यांचा आकार फाइल पाहून सांगितला जाईल.’ एवढं वाचून ज्याला परवडत नाही तो निघून जातो. उरलेल्याला अंदाज येतो आणि आपली पुस्तिका या नमुन्यातली नाही, हेही त्याला आपोआप समजतं.

पुढचं सगळं बोलण्यात ठरावं. पण बोलणं म्हणजे ‘तुमचं बजेट सांगा’ नव्हे. त्याने समोरचा सावध होतो आणि मुद्दाम कमी सांगतो. आधी फाइल मागावी, मुदत विचारावी, मजकूर कुठे छापला जाणार आणि मराठी कोण तपासणार हे विचारावं. हा शेवटचा प्रश्न विसरू नये. तपासणारे तिघे असतील तर दुरुस्तीच्या फेऱ्याही तीन होतात. मग लेखी कोटेशन पाठवावं. त्यात एकूण रक्कम, कामात काय येतं, ॲडव्हान्स किती आणि कोटेशन कधीपर्यंत लागू, हे सगळं असावं.

एजन्सीचं गणित वेगळं. ती क्लायंट आणते, बहुधा तपासनीसही तिचा असतो आणि त्या बदल्यात आपला वाटा ठेवते, म्हणून तिचा दर थेट क्लायंटपेक्षा कमी असतो. प्रोफाइल मात्र दोघांनाही एकच दिसते. एजन्सीचा दर तिथे लिहिला तर कारखानाही तोच मागतो. एजन्सी नाव नोंदवताना स्वतःच्या फॉर्ममध्ये दर विचारतेच, म्हणून प्रोफाइलवर आकडे थेट क्लायंटचेच असावेत.

काही ठिकाणी निवड आपल्या हातात नसते. अपवर्कवर तासाचा दर प्रोफाइलवर दिसतो, फायव्हरवर किंमत टाकल्याशिवाय सेवा मांडताच येत नाही. तिथे मंचाचा वाटा आधी धरावा. फायव्हर 20 टक्के कापतो, म्हणजे हातात 5,000 हवे असतील तर किंमत 6,250 लावावी लागते.

लिहिलेला आकडा बरोबर आहे की नाही, ते येणाऱ्या उत्तरांवरून कळतं. कोटेशन मिळताच प्रत्येक जण ‘ओके, सुरू करा’ म्हणत असेल तर आकडा कमी आहे. विचारणा भरपूर आणि कोटेशननंतर शांतता, असं असेल तर नमुन्याची किंमत खऱ्या कामांच्या मानाने फार खाली आहे. विचारणाच आटल्या तर लगेच आकडा उतरवू नये; आधी नमुन्याखाली आपण केलेल्या कामांचा तपशील आहे का ते पाहावं, कारण नुसता आकडा कुणालाही महागच वाटतो.

आणि दर वाढवायचा झाला तर क्रम सांभाळावा. आधी जुन्या क्लायंटना कोणत्या तारखेपासून नवा दर लागू होईल ते कळवावं, हातातली कामं जुन्याच दराने पुरी करावीत आणि मग प्रोफाइल बदलावी. नवा आकडा त्यांना प्रोफाइलवर आधी दिसला, तर त्यांचा पहिला फोन त्याच विषयावर येतो.