चूक मंडळाची की रजिस्टरची?

दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव चुकले किंवा जन्मतारखेत घोळ झाला की घरातले मोठे माणूस पहिली धाव घेते ती विभागीय मंडळाच्या कार्यालयाकडे. कागद मंडळाने दिला, मग दुरुस्तीही मंडळच करणार, असा साधा हिशेब असतो. तिथल्या खिडकीवर मात्र बहुतेकांना एकच उत्तर मिळते, ‘शाळेमार्फत या.’ लोकांना ही टोलवाटोलवी वाटते. प्रत्यक्षात त्या उत्तरात काही तथ्य असते, आणि ते समजले तर पुढचे हेलपाटे बरेच वाचतात.

मंडळ कोणाचेही नाव किंवा जन्मतारीख स्वतः ठरवत नाही. शाळेने आवेदनपत्रात जे भरून पाठवले तेच गुणपत्रिकेवर आणि प्रमाणपत्रावर छापले जाते. शाळा ते आवेदनपत्र आपल्या जनरल रजिस्टरवरून भरते. जनरल रजिस्टरमधली नोंद आधीच्या शाळेच्या दाखल्यावरून येते, आणि पहिलीतली नोंद जन्मदाखल्यावरून किंवा पालकांनी सांगितले त्यावरून. म्हणजे एकच माहिती चार-पाच वेळा हाताने उतरवली गेलेली असते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी हे सगळे कागद एका टेबलावर ओळीने मांडावेत आणि चूक सर्वांत आधी कोणत्या कागदावर दिसते ते शोधावे. अर्ज कोणाकडे करायचा, परवानगी कोणाची लागणार आणि काम किती लांबणार, हे सगळे त्या एका कागदावर ठरते.

चूक फक्त गुणपत्रिकेवर असेल आणि रजिस्टर बरोबर असेल, तर काम सोपे. मुख्याध्यापक शाळेच्या लेटरहेडवर विभागीय मंडळाच्या सचिवांना पत्र देतात. सोबत रजिस्टरचा साक्षांकित उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, मूळ गुणपत्रिका, मूळ प्रमाणपत्र आणि ठरलेले शुल्क जोडले जाते. मूळ कागद मंडळाकडे जमा होतात आणि दुरुस्त प्रती मिळतात. मूळ प्रती देण्याआधी त्यांच्या साक्षांकित छायाप्रती करून ठेवाव्यात आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. मधल्या काळात कॉलेजचा प्रवेश आला तर तोच शिक्का उपयोगी पडतो.

अडचण येते ती शाळेचे रजिस्टरच चुकलेले असते तेव्हा. एक उदाहरण तपशिलात पाहू. व्यक्ती कल्पित आहे, पण असे प्रकरण मुख्याध्यापकांना नवीन नाही. पाटण तालुक्यातली एक मुलगी. जन्म १ ऑगस्ट २००८. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची तारीख आकड्यांत ‘१/८/२००८’ आणि अक्षरांत ‘एक ऑगस्ट दोन हजार आठ’ अशी नोंदवलेली. सातवीनंतर ती कराडच्या माध्यमिक शाळेत गेली. तिथे दाखल्यावरून नोंद करताना आकडे उलटले आणि रजिस्टरमध्ये ‘८/१/२००८, आठ जानेवारी’ असे लिहिले गेले. पुढे आवेदनपत्रात तेच गेले, आणि २०२४ साली दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच छापून आले. आधार कार्डावर मात्र १ ऑगस्ट.

वडील कोल्हापूरला विभागीय मंडळात गेले. मंडळाने आवेदनपत्र तपासले. ते प्रमाणपत्राशी जुळत होते, त्यामुळे मंडळाच्या दृष्टीने चूक नव्हतीच. शाळेत गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, ‘रजिस्टरला मला परस्पर हात लावता येत नाही.’ तेही खरेच. माध्यमिक शाळा संहितेतील नियम २६.३ प्रमाणे जनरल रजिस्टरमधील नाव, आडनाव किंवा जन्मतारीख शिक्षण विभागाच्या सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. माध्यमिक शाळेसाठी हा प्रस्ताव जिल्हा परिषदेतील माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. पुढचा नियम, २६.४, आणखी कडक आहे. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर असे बदल सहसा होत नाहीत, उघड दिसणारी चूक असेल तरच होतात.

या ‘उघड चुकी’वरच सगळे अवलंबून असते. मुलीने शाळा सोडली आहे, आता काही होणार नाही, असे सांगून अर्ज परत करणारी कार्यालये आहेत. तिथे एक निकाल दाखवता येतो. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने हा प्रश्न तपासला आणि शाळा सोडल्यानंतरही रजिस्टरमधील उघड चूक दुरुस्त करता येते, असे स्पष्ट केले. आपल्या उदाहरणातली चूक उघड आहे हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवता येते. प्राथमिक शाळेचा दाखला एक सांगतो, आणि त्याच दाखल्यावरून केलेली नोंद दुसरेच सांगते. तारीख अक्षरांत लिहिलेली असल्याने आकडा नीट वाचता आला नाही अशी सबबही उरत नाही.

त्यामुळे प्रस्तावातला सर्वांत वजनदार कागद म्हणजे पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. अनेक पालक जन्मदाखला वरती लावतात आणि हा उतारा विसरतात. पालकाचा अर्ज, मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र, दोन्ही शाळांच्या रजिस्टरच्या साक्षांकित प्रती, प्राथमिक शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि प्रतिज्ञापत्र असा तो संच असतो. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कोणी स्टॅम्प पेपर आणायला पिटाळले तर आधी विचारून घ्यावे.

अधिकारी दोन गोष्टी आवर्जून पाहतो. पहिली, जन्मदाखल्यावरील नोंदणीची तारीख. जन्मानंतर लगेच झालेली नोंद आणि गेल्या वर्षी आदेश मिळवून केलेली उशिराची नोंद यांचे वजन सारखे नसते. दुसरी गोष्ट म्हणजे वयाचा मेळ. आपली मुलगी जून २०१४ मध्ये पहिलीत गेली तेव्हा १ ऑगस्ट धरल्यास ती पाच वर्षे दहा महिन्यांची होती. हे पटण्यासारखे आहे. मागितलेली तारीख धरून मूल पहिलीत साडेतीन वर्षांचे निघत असेल, तर प्रस्ताव तिथेच अडकतो.

आदेश आला की मुख्याध्यापक जुनी नोंद वाचता येईल अशा रीतीने छेदतात, वर बरोबर तारीख लिहितात आणि शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक व दिनांक टाकून सही करतात. खाडाखोड किंवा पांढरी शाई असलेली नोंद मंडळ मान्य करत नाही, म्हणून उतारा घेताना हा शेरा नीट दिसतो ना ते पाहावे. मग दुरुस्त दाखला, आदेशाची प्रत आणि मूळ प्रमाणपत्रे घेऊन प्रकरण पुन्हा मंडळाकडे जाते. आता मंडळाला ते करण्यात अडचण राहत नाही.

इंग्रजी स्पेलिंगचा प्रश्न वेगळा आहे आणि मराठी शाळांतल्या मुलांना तो फार छळतो. रजिस्टर देवनागरीत असते. ‘शीतल’ हे नाव तिथे निर्विवाद आहे, पण ते Shital की Sheetal हे रजिस्टर सांगत नाही. ते ठरते ज्या दिवशी शाळेत कोणी संगणकावर पहिल्यांदा माहिती भरतो त्या दिवशी, आणि बहुतेकदा घरच्यांना न विचारता. अशा वेळी गुणपत्रिकेत ‘चूक’ झाली असे सिद्ध करायला आधारच नसतो, कारण दोन्ही स्पेलिंगे त्याच नावाची आहेत. माझा सल्ला असा की उच्चार बिघडत नसेल तर दहावीचे स्पेलिंग तसेच ठेवावे आणि आधार, पॅन व बँकेची नोंद त्याप्रमाणे करून घ्यावी. त्या दुरुस्त्या तुलनेने लवकर होतात. ‘रोहिणी’ची Rohani झाली असेल तर मात्र ते वेगळेच नाव झाले. तिथे दुरुस्तीच मागावी.

याच टप्प्यावर कोणीतरी सुचवते, ‘गॅझेट करून टाका.’ हा सल्ला सरसकट देणाऱ्यांपासून सावध राहावे. राजपत्रातील जाहिरात म्हणजे मी माझे नाव बदलले आहे, अशी घोषणा. आपले नाव बदललेलेच नाही, कारकुनाच्या हातून ते चुकले आहे, अशी आपली बाजू असताना ती घोषणा आपल्याच अर्जाच्या विरुद्ध जाते. लग्नानंतरचे नाव किंवा स्वतःच्या इच्छेने घेतलेले नवे नाव असेल तेव्हा राजपत्राला अर्थ असतो. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय मंडळाच्या म्हणजे सीबीएसईच्या प्रकरणात हाच फरक केला होता. शाळेच्या नोंदीशी प्रमाणपत्र जुळवून मागणे ही एक गोष्ट, इच्छेने नाव बदलणे ही दुसरी, आणि दोहोंना लागणारे पुरावे वेगळे, असे त्या निकालात सांगितले आहे.

यातले बरेचसे दुखणे परीक्षेआधीच टळू शकते. मंडळ परीक्षेपूर्वी शाळेला विद्यार्थ्यांची प्री-लिस्ट देते. त्यात नाव, आईचे नाव, जन्मतारीख असते, आणि ती विद्यार्थ्याकडून तपासून सही घेऊन परत करायची असते. अनेक शाळांत ही सही प्रार्थनेनंतर रांगेत उभे करून पाच मिनिटांत उरकली जाते. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या आईच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकट्याने तपासावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्री-लिस्ट एका रात्रीसाठी घरी पाठवली तर पुढची धावपळ वाचेल. शाळांनी ती पाठवावी, आणि पालकांनी मागावी.

राहिला सर्वांत अवघड प्रकार, पहिल्या शाळेतच तारीख चुकीची लागल्याचा. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे घरोघरी सापडतात. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबापांना तारीख ठाऊक नसायची, आणि गुरुजी अंदाजाने वर्ष काढून १ जून लिहायचे. इथे नकलेतली चूक नाही, सगळे कागद एकमेकांशी जुळतात. त्यामुळे ‘उघड चूक’ म्हणून हे प्रकरण सहसा उभे राहत नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मनोंदवहीत त्या काळची नोंद सापडली तर वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयात जाता येते. अशी नोंद नसेल तर १ जून हीच तारीख सगळीकडे एकसारखी ठेवणे शहाणपणाचे. नोकरीत असलेल्यांना तर वेळेचीही मर्यादा आहे. राज्य सरकारच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमांतील नियम ३८ प्रमाणे सेवापुस्तकातील जन्मतारीख बदलण्याचा अर्ज नोकरीत रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर केलेले असे अर्ज न्यायालयेही सहसा ऐकत नाहीत.

दहावीचे प्रमाणपत्र दुरुस्त होऊन आले की त्याच्या प्रती घेऊन बारावीसाठी कनिष्ठ महाविद्यालयामार्फत, आणि पदवी झाली असेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करावेत. क्रम उलटा करू नये. विद्यापीठही आधी दहावीचाच कागद मागते.